पायरी दाखवा: गणिताच्या बाईंना दहावीच्या वर्गाचा निरोप

सन्माननीय मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, आलेले पालक, माझ्या मित्र-मैत्रिणींनो, आणि बाई.

बाई, आज तुमच्या निरोप समारंभात तुम्ही समोर बसलात आणि मी बोलतेय, हे जरा विचित्र वाटतंय. आजवर तुमच्यासमोर उभं राहायचं म्हणजे एका हातात खडू असायचा आणि पाठीमागे फळा. आज दोन्ही नाहीत, तरी भाषण लिहिताना वर्गातल्या प्रत्येकाने मला एकच सूचना केली, "पायऱ्या नीट लिही, बाई ऐकणार आहेत." तेव्हा दिलेलं आहे: बाई कडक आहेत. साध्य करायचं आहे: आम्हाला त्या इतक्या का आवडतात. सिद्धता सुरू करते.

पहिली गोष्ट तारखेची. नव्या मुलांना हे सांगायलाच हवं. बाई वर्गात आल्या की हजेरी घेत नाहीत, आधी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहितात. ती लिहून होईपर्यंत एका मुलाचा श्वास अडकलेला असतो, कारण आज जी तारीख, त्याच रोल नंबरने फळ्यावर यायचं. त्यामुळे आमच्या वर्गात एक चमत्कार घडू लागला. ७ तारखेला रोल नंबर ७ च्या पोटात दुखायचं. १६ तारखेला रोल नंबर १६ ला ताप यायचा. बाईंनी काही दिवस हे शांतपणे पाहिलं. मग एका २३ तारखेला रोल नंबर २३ गैरहजर आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हरकत नाही. २ अधिक ३?" आणि खिडकीपाशी निर्धास्त बसलेला रोल नंबर ५ उभा राहिला. त्या दिवशी तोही नसता तर बाई आकडे उलटे करणार होत्या, ३२. म्हणजे ३१ च्या पुढे आपण सुखी, असं समजणाऱ्या शेवटच्या रोल नंबर ३२ ची झोप त्याच तासाला उडाली.

आमची रोल नंबर ३१ मैत्रीण मात्र फुशारक्या मारायची, की माझी पाळी वर्षातून सातच महिन्यांत, त्यातही मे महिन्यात सुट्टी. बाईंच्या कानावर हे गेलं असावं. पुढच्या १३ तारखेला त्यांनी तारीख लिहिली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि म्हणाल्या, "आज जरा उजवीकडून वाचू या."

बाई, तुम्हाला वाटलं असेल आम्ही फक्त घाबरलो. आम्ही घरी जाऊन तक्ते केले. कोणत्या तारखेला कोण येऊ शकतं, अंकांची बेरीज किती, उलटे आकडे किती, सगळं मांडलं. वर्गातला एकही जण असा सापडला नाही, की ज्याला कायमचं लपता येईल. संभाव्यतेचा धडा यायच्या आधीच आम्हाला तो पाठ झाला होता. तो धडा शिकवायला घेतलात तेव्हा आमचे हात भराभर वर गेले आणि तुम्ही पाठ वळवून फळा पुसत राहिलात. फळा कोरा होता, बाई. तुम्ही हसत होतात, हे आम्हाला मागून कळत होतं.

आता खडूविषयी. नवा खडू हातात आला की बाई तो आधी मधोमध मोडतात, म्हणजे फळ्यावर किंचाळत नाही. अर्धा वापरायचा, अर्धा डब्यात. वापरायचा म्हणजे नखाएवढा उरेपर्यंत. चिडल्यावर खडू फेकून मारणारे शिक्षक असतात असं आम्ही ऐकलंय. आमच्या बाईंनी कधीच कुणाला मारला नाही. खडू वाया जातो ना! कंपास न घेता त्या फळ्यावर वर्तुळ काढतात, आणि कुणी "वा!" म्हटलं की लगेच म्हणतात, "कौतुक नको, केंद्रबिंदू दाखव." मग दोरी घेऊन मोजायला लावतात. त्यांच्याच वर्तुळात एका बाजूला बोटभर फरक निघाला तर सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच व्हायचा.

एककाचा तर विषयच सोडा. उत्तर १२ आलं, पुढे काही लिहिलं नाही, की वहीच्या समासात लाल अक्षरात प्रश्न, "१२ काय? हत्ती?" आमच्या वर्गात कितीतरी टाक्यांची घनफळं हत्तींमध्ये निघाली आहेत. एका आगगाडीचा वेग ताशी ६० हत्ती होता. आता परीक्षेत एकक लिहिताना प्रत्येकाला आधी हत्ती दिसतो आणि मगच घनसेंटिमीटर आठवतं. पण विसरत कुणी नाही.

आणि पाय! पाय म्हणजे २२/७ असं त्यांच्यासमोर म्हणून बघा. बाई फळ्यावर दोन ओळी लिहितात. एकीकडे ३.१४२८, दुसरीकडे ३.१४१५. मग तिसऱ्या दशांश स्थळाखाली अशी रेघ ओढतात, जणू तिथे गुन्हा घडलाय. तिथे बरोबरचं चिन्ह चालणार नाही, दोन वाकड्या रेघांचं 'अंदाजे बरोबर' हेच चिन्ह हवं. अर्धा गुण गेला. आम्ही म्हणायचो, बाई, एवढासा तर फरक! त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "फरक एवढासा आहे ना? मग लिहायला कष्ट किती? एवढेसेच."

इतक्या काटेकोर बाईंनी एकच राशी आयुष्यात कधी अचूक मोजली नाही. ती म्हणजे 'दोनच मिनिटं'. घंटा झाली, बाहेर मैदान भरलं, आणि फळ्याकडे तोंड करून बाई म्हणतात, "दोनच मिनिटं." बाई, इथे कोणतं चिन्ह टाकायचं? वर्गाने एकमताने ठरवलंय: दोन मिनिटं, मग दोन वाकड्या रेघा, मग अख्खी मधली सुट्टी. खेळाच्या तासाचा हिशोब आज काढत नाही. आमचे खेळाचे सर समोर बसलेत, त्यांचं मन दुखावेल.

"समजलं का?" या प्रश्नाला आमच्या वर्गात कुणी "हो" म्हणत नाही, कारण पुढचं वाक्य "मग ये, सांग" हे असतं. "नाही" मात्र बिनधास्त म्हणता येतं, आणि इथेच बाई इतरांहून वेगळ्या आहेत. "नाही" म्हणणाऱ्यावर त्या कधीही चिडल्या नाहीत. दुसऱ्यांदा सांगायच्या, तिसऱ्यांदा वेगळ्या रीतीने सांगायच्या, चौथ्यांदा म्हणायच्या, "थांब, माझ्या सांगण्यातच काहीतरी चुकतंय." त्या चिडतात फक्त खोट्या "हो"वर.

मला तो तास सांगायचाच आहे. बाईंनी फळ्यावर लिहिलं, समजा ए बरोबर बी. दोन्ही बाजूंना ए ने गुणलं. दोन्हीकडून बी चा वर्ग वजा केला. डावीकडे अवयव पाडले, उजवीकडे सामाईक बाहेर काढलं. दोन्ही बाजूंना ए वजा बी हा कंस होता, त्याने भागून तो काढून टाकला. राहिलं ए अधिक बी बरोबर बी. पण ए म्हणजेच बी, म्हणून दोन बी बरोबर बी. म्हणून २ बरोबर १. खाली दोन रेघा ओढल्या, खडू ठेवला आणि म्हणाल्या, "उतरवून घ्या."

सगळा वर्ग उतरवून घेत होता. समास सोडून, सुवाच्य अक्षरात.

मग त्यांनी विचारलं, "कुणालाच काही खटकत नाही? २ बरोबर १ होतात?" शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, तुम्ही लिहिलंय म्हणजे असेल." आम्ही त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "मी लिहिलं म्हणून खरं नसतं. पायरी तपासा." तो अख्खा तास गेला, आणि तो कंस सापडला तो एरवी हातही वर न करणाऱ्या आमच्या एका मित्राला. ए आणि बी समान आहेत, म्हणजे ए वजा बी शून्य आहे, आणि शून्याने भागता येत नाही. बाईंनी त्याला पुढे बोलावलं, स्वतःचं लाल पेन त्याच्या हातात दिलं आणि फळ्याशेजारच्या चुकांच्या कागदावर बाईंच्याच नावासमोर चुकीबद्दलची फुली मारायला लावली. त्या दिवसापासून तो मुलगा बदलला. हे मी त्याला विचारून सांगतेय.

पुस्तकात छापलं म्हणून, फळ्यावर लिहिलं म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मान हलवायची नाही, हा कडकपणा त्या आधी स्वतःला लावतात. सहामाहीत आमच्या एका मैत्रिणीचा अर्धा गुण बेरजेत राहून गेला. तिला पत्ताही नव्हता. बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या भर उन्हात पेपर हातात घेऊन अख्खं मैदान ओलांडून खो-खोच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. खेळ थांबला. सगळ्यांना वाटलं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. बाई म्हणाल्या, "तुझा अर्धा गुण माझ्याकडे राहिला होता. माझं चुकलं." सही केली आणि गेल्या. आमच्यातल्या कितीजणांना कुठल्या मोठ्या माणसाने असं येऊन "माझं चुकलं" म्हटलंय?

आणि बाई, तुम्ही सांगू नका म्हणाला होतात, तरी सांगते. नववीत एक जण कावीळ होऊन बरेच आठवडे घरी होती. परत आली तेव्हा वर्ग दोन चलांतील रेषीय समीकरणांवर पोचला होता. शाळा सुटल्यावर बाई तिला थांबवायच्या आणि सुरुवातीपासून शिकवायच्या. वर्गात मात्र तिला जराही सूट नाही. एकक विसरली की तिच्याही वहीत हत्ती. ती मला म्हणाली, तो हत्ती बघून बरं वाटलं, म्हणजे आपण परत इतरांसारखे झालो.

बाई, तुम्हाला काय द्यायचं यावर आमची पुष्कळ भांडणं झाली. शेवटी ही वही ठरली. दोनशे पानी, समास आखलेली. वर्गातल्या प्रत्येकाने यात एक-एक सिद्धता लिहिली आहे, स्वतःच्या शब्दांत, सगळ्या पायऱ्यांसकट. कुणी २ चं वर्गमूळ अपरिमेय का आहे ते लिहिलंय, कुणी मूळ संख्या संपत का नाहीत ते, कुणी १ ते १०० ची बेरीज ५०५० कशी येते ते. क्रम रोल नंबरचा नाही, आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा तारखेवरून अंदाज बांधता येणार नाही. एका पानावर एक कंस मुद्दाम शून्य ठेवलाय. कोणतं पान ते सांगणार नाही. वहीसोबत नवं लाल पेन आहे.

तपासायला घाई नाही, बाई. आता तुमच्याकडे वेळ आहे. पण तपासून झाली की शाळेत घेऊन या, आणि अर्ध्या गुणांसाठी भांडायला आम्ही सगळे येऊ. मित्रांनो, उभे राहा. बाई, वही घ्यायला पुढे या ना. दोनच मिनिटं.