देवाजवळचा दिवा

काका मुंबईत गेला त्याला आज चार दिवस झाले आणि आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही. देवगडच्या घरात आम्ही सगळे पडवीत बसून कुजबुजतोय, बाबा म्हणतात डॉक्टरांनी बजावलंय तिच्या हार्टला धक्का नको, आत्या म्हणते अरे आई आहे ती त्याची, तिला रडू तरी द्या. आई काहीच बोलत नाही, चुलीपाशी नुसती पेज ढवळत बसते.

सुतक म्हणून देवाजवळ दिवा नाही. आजीला सांगितलंय तेल संपलंय. चार दिवस हेच सांगतोय, खूप वाईट वाटतं.

मघाशी तिला पेज भरवायला गेलो. दोन चमचे घेतले आणि माझा हात धरला, हाडं नि कातडी उरलीय नुसती पण पकड घट्ट.

"त्याची आमसुलं भरलीस डब्यात?"

"हो आजी."

"आता नको पाठवू," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर येऊन आत्याला एवढंच म्हटलं, आत जा, तिच्याजवळ बस.