विषय: ऑर्डर क्र. १४२६ – ₹४,१६० चा रिफंड मंजूर, ८ मेपर्यंत आपल्या क्रेडिट कार्डावर जमा

देवगड, सोमवार, २८ एप्रिल २०२५

नमस्कार मेघनाताई,

तुमच्या हापूस आंब्यांच्या ऑर्डरमधल्या, खराब निघालेल्या दोन बॉक्सचा ₹४,१६० चा रिफंड मंजूर झाला आहे. ज्या क्रेडिट कार्डावरून तुम्ही पैसे भरले होते त्याच कार्डावर तो जमा होईल. आमच्याकडून आज सकाळीच तो पाठवला आहे. बँकेला साधारण पाच ते सात कामाचे दिवस लागतात. मधे १ मेची सुट्टी आणि शनिवार-रविवार धरता मंगळवार ६ मे ते गुरुवार ८ मे या दरम्यान रक्कम कार्डावर दिसायला हवी.

हिशोब असा आहे. तुम्ही दोन-दोन डझनांचे तीन बॉक्स घेतले होते. एका बॉक्सचे ₹१,९०० आणि कुरिअरचे बॉक्समागे ₹१८०, म्हणजे एकूण ₹६,२४०. त्यातले ₹२,००० तुम्ही मार्चमध्ये बुकिंगच्या वेळी यूपीआयने दिले आणि उरलेले ₹४,२४० कार्डाने. आता दोन बॉक्सचे ₹३,८०० आणि त्यांच्या कुरिअरचे ₹३६० परत करत आहोत. ही सगळी रक्कम कार्डाने भरलेल्या पैशांतच बसते, त्यामुळे यूपीआयवर वेगळं काही येणार नाही. तिसऱ्या बॉक्सचे आंबे चांगले निघाले असं तुम्ही स्वतःच कळवलं आहे, म्हणून त्याचे पैसे यात धरलेले नाहीत.

तुम्ही शनिवारी लिहिलं होतं की जेवढे आंबे खराब निघाले तेवढ्यांचेच पैसे द्या. हा तुमचा मोठेपणा आहे, पण आम्हाला ते पटलं नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतोय तो साकाच. बाहेरून फळ पिवळंधमक, वासही उत्तम, आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. उन्हाने तापलेल्या जमिनीची झळ खालच्या फांद्यांवरच्या फळांना लागली की हापूसमध्ये हे होतं, आणि आंबा कापल्याशिवाय ते कळत नाही. दोन्ही बॉक्स एकाच दिवशीच्या तोडणीचे होते. त्यातले न कापलेले आंबे तरी चांगले निघतील याची खात्री आम्ही कशी देणार? तेव्हा पैसे दोन्ही बॉक्सचे पूर्ण. आंबे परत पाठवायचे नाहीत. त्यातले जे चांगले निघतील ते घरात आनंदाने खा.

कार्डाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण दर हंगामात नेमके यावरूनच फोन येतात. रिफंड बचत खात्यात येत नाही, तो कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमेच्या बाजूला दिसतो, त्यामुळे पासबुकात शोधू नका. आणि मधल्या काळात कार्डाचं बिल भरायची तारीख आली तर रिफंडची वाट पाहत बिल थांबवू नका, नाहीतर विनाकारण व्याज लागेल. बिल पूर्ण भरलंत तरी ही रक्कम कुठे जात नाही, ती कार्डावर शिल्लक राहते आणि पुढच्या खर्चात वळती होते.

या व्यवहाराचा एआरएन क्रमांक दोन-तीन दिवसांत आम्हाला मिळेल, तो याच ईमेलवर पाठवू. ८ मेपर्यंत रक्कम दिसली नाही तर बँकेच्या ग्राहक सेवेला तो क्रमांक सांगा, त्यावरून पैसे कुठे अडकलेत ते त्यांना शोधता येतं. आम्हालाही याच ईमेलला उत्तर देऊन कळवा, म्हणजे आमच्या बाजूने पेमेंट कंपनीकडे पाठपुरावा करू. फक्त बँकेत चौकशी ९ मेच्या आधी करून उपयोग नाही, तोवर त्यांच्याकडे नोंद पोचलेली असेलच असं नाही.

एक कळकळीची विनंती. या रिफंडसाठी तुम्हाला काहीही करायचं नाही. आम्ही कार्ड नंबर, ओटीपी किंवा यूपीआय पिन मागणार नाही, कुठली लिंकही पाठवणार नाही. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. रिफंडच्या नावाने कुणाचा फोन आला, तर तो आमचा नाही असं समजून सरळ ठेवून द्या.

बदली बॉक्स नको, १ मेनंतर गावाला जाणार आहोत, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून तो पाठवत नाही. फोटो वेळेवर आणि नीट काढून पाठवलेत याबद्दल आभार. त्या तोडणीचे उरलेले बॉक्स आम्ही लगेच बाजूला काढले आणि ज्यांना ते गेले होते त्या सगळ्यांना फोन केले.

आपला,
राजन
ऑर्डर आणि हिशोब
देवगड, जि. सिंधुदुर्ग
(फोन सकाळी ९ ते संध्याकाळी ६, रविवारीही चालू)