पाटल्या आणि वरची खोली

इंदुमतीबाई गेल्या तेव्हा त्यांच्यामागे दोन मुली, नाशिकच्या जेलरोडचे एक बैठे घर, त्या घरावर नंतर चढवलेली एक खोली आणि बँकेच्या लॉकरमधले काही दागिने एवढेच राहिले. मृत्युपत्र त्यांनी केले नव्हते. पती प्रेसमधून निवृत्त होऊन आधीच वारलेले होते आणि 1984 साली प्लॉट घेताना त्यांनी तो बायकोच्या नावावर घेतलेला असल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे घर आणि सोने या दोन्हींवर दोघी मुलींचा सारखाच हक्क होता. म्हणजे कायद्याच्या बाजूने पाहिले तर भांडायला काही उरले नव्हते.

भांडण झाले ते एका कागदामुळे. थोरली सुनंदा लग्न होऊन पुण्याला स्थायिक झालेली, तर धाकटी माधवी आईच्या शेवटच्या सहा वर्षांत नवरा आणि मुलीसह याच घरात राहायला आलेली. तेराव्याचे जेवण होऊन पाहुणे पांगल्यावर माधवीच्या नवऱ्याने, महेशने, हक्कसोड पत्राचा टाइप केलेला मसुदा सुनंदाच्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, हातात दिला आणि "पुन्हा पुन्हा पुण्याहून यायला नको, म्हणून आत्ताच तयार करून ठेवलंय," असे सांगितले. महेशच्या मनात कपट नव्हते असे मानायला जागा आहे. कारखान्यात जसे एकेक काम उरकून टाकायचे, तसे त्याला हेही उरकायचे होते. पण आईच्या फोटोचा हार अजून सुकला नव्हता. सुनंदा एक शब्दही न बोलता उठली, बॅग भरली आणि संध्याकाळच्या बसने निघून गेली. चार दिवसांनी तिचा माधवीला निरोप आला की लॉकरची नॉमिनी मी आहे, तेव्हा सोन्याचे काय करायचे ते मी ठरवीन.

यानंतर दोघींचे फोन बंद झाले. बोलणे व्हायचे ते वसंतमामांच्या मार्फत. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले मामा हे आईच्या माहेरचे एकमेव वडीलधारे उरले होते. पहिली बैठक त्यांनी आपल्याच घरी बोलावली आणि तिथे दोन्ही जावयांनाही बसवले, हे काही ठीक झाले नाही. श्रीकांतने घराची किंमत चौसष्ट लाख होते असे कोणा दलालाकडून काढून आणले होते. महेशने त्यावर दवाखान्याच्या बिलांची फाईल समोर ठेवली, ज्यात माधवीने आपल्या भविष्यनिर्वाह निधीतून काढून भरलेले दोन लाख दहा हजार रुपये पेन्सिलने अधोरेखित केलेले होते.

"सेवेचे पैसे मागतेस का आता?" सुनंदा म्हणाली.

"मी नाही मागत, ताई. पण तू अर्धा हिस्सा मागतेस तेव्हा हे कुणीतरी दाखवायला नको?"

चहा तसाच गार झाला. मामींनी कपबश्या आत नेल्या आणि त्या दिवशी पुढे काहीच झाले नाही.

दुसऱ्या बैठकीला जावयांनी यायचे नाही, ही अट मामांनी फोनवरच घातली. "तुमच्या दोघींच्या आईची वस्तू आहे. बोलायचं ते तुम्ही बोला, मी ऐकतो, आणि मध्ये बोलायचं झालं तर तुमची मामी बोलेल." बैठक यावेळी जेलरोडच्या घरात ठरली. मामांनी आपल्या ओळखीच्या वकीलबाईंकडून आधीच दोन गोष्टी विचारून ठेवल्या होत्या आणि बसल्या बसल्या त्या सांगून टाकल्या. पहिली अशी की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने लॉकर कोणाला उघडून द्यायचा एवढ्यापुरतेच ते नाव असते आणि आत जे असेल ते वारसांचेच राहते. दुसरी अशी की हक्कसोड पत्राची कोणावर सक्ती करता येत नाही आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय त्याला अर्थही नसतो. म्हणजे दोघींनी एकमेकींवर उगारलेली दोन्ही हत्यारे बोथट निघाली. मामांना त्याचे थोडे समाधान वाटलेले दिसले.

तरीही पाटल्यांवर गाडी अडली. इंदुमतीबाईंच्या हातात आयुष्यभर असलेल्या त्या पाटल्यांची जोडी फोडायची नाही, एवढ्यावर मात्र दोघींचे एकमत होते.

"आईने मला स्वतः सांगितलं होतं," माधवी म्हणाली. "दवाखान्यात असताना. पाटल्या तुझ्या, असं म्हणाली."

"आणि माझ्या आदित्यच्या बारशाला काय म्हणाली होती? याच खोलीत. हातातून काढून माझ्या हातात घालून बघितल्या आणि म्हणाली, माझ्यामागे या थोरलीच्या."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

मामी इतका वेळ भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी वातीचे तबक बाजूला ठेवले. "मलाही म्हणाल्या होत्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मी यांच्या उशाशी होते, तेव्हा वन्सं आल्या आणि म्हणाल्या, वहिनी, तुम्ही माझ्या भावाला वाचवलंत, या पाटल्या तुमच्या. मी काही मनावर घेतलं नाही. त्यांना कोणी आवडलं की त्या पाटल्याच देऊन टाकायच्या."

मामांनी बायकोकडे असे पाहिले की ही गोष्ट त्यांनाही आजच कळली होती हे उघड झाले. आधी माधवीला हसू फुटले. सुनंदाने ते दाबायचा प्रयत्न केला, पण दुधवाल्याच्या सुनेलाही आईने असेच काही कबूल केले असेल का, असे माधवीने विचारल्यावर तिलाही आवरेना. हसता हसता ती रडू लागली आणि त्या रडण्यातच जे पहिल्या बैठकीत कोणाला ऐकू आले नव्हते ते तिच्या तोंडून निघाले.

"तुला वाटलं मला घर विकायचंय. श्रीकांतला वाटत असेल, मला नाही. अगं, घर विकलं तर मी नाशिकला उतरायचं कुठे? मला माझं नाव हवंय त्या कागदावर, बस्स. तू तर माझं नावच काढायला निघाली होतीस, तेही तेराव्याच्या दिवशी."

माधवीने उत्तर द्यायला वेळ घेतला. मसुद्याची कल्पना तिला होती, पण तो त्याच दिवशी पुढे केला जाईल याची नव्हती, असे ती म्हणाली. आणि मग तेवढेच न म्हणता, "कल्पना होती म्हणजे मीही त्यात आलेच," असेही म्हणाली. तिला भीती होती ती वेगळीच. अर्धा हिस्सा म्हणजे उद्या घर विकायला लागणार, आणि मुलीच्या दहावीच्या वर्षात सिडकोत कुठेतरी भाड्याने जावे लागणार, असे ती रात्र रात्र जागून मोजत होती. शिवाय ताईने सहा वर्षांत एकदाही, आईला अंघोळ कोण घालते, असे विचारले नव्हते.

"विचारलं नाही," सुनंदा म्हणाली, "कारण उत्तर माहीत होतं. ते ऐकून पुण्यात झोप लागली नसती."

हे समर्थन फारसे बरे नव्हते, पण खरे होते आणि माधवीने ते तसेच घेतले.

पुढचा भाग हिशेबाचा होता आणि तो मामांच्या देखरेखीखाली झाला. लॉकर दोघींच्या समक्ष, साक्षीदारांच्या सह्यांनिशी यादी करून उघडला. दागिने घेऊन सगळे सराफ बाजारातल्या त्यांच्या नेहमीच्या पेढीवर गेले. जुन्या खरेदीच्या नोंदी तिथे सापडल्या नाहीत, कारण 2016 च्या ऑगस्टमधल्या गोदावरीच्या पुरात पेढीत शिरलेल्या पाण्याने त्या वर्षांच्या वह्यांचा लगदा झाला होता. तेव्हा काट्यावर येईल ते वजन धरायचे ठरले. बोरमाळ बत्तीस ग्रॅम भरली तेव्हा सराफांनी स्वतःहून सांगितले की तिच्या मण्यांच्या आत लाख आहे आणि निव्वळ सोने एकवीस ग्रॅमच्या पुढे जाणार नाही. ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात नव्हती. नुसत्या एकूण वजनावर वाटणी झाली असती तर बोरमाळ जिच्याकडे जाती ती अकरा ग्रॅमला बुडती, आणि दहा वर्षांनी कधीतरी ते कळून पुन्हा हाच वाद उभा राहता.

वाटणी अशी झाली. साठ ग्रॅमच्या पाटल्या, अठरा ग्रॅमची ठुशी आणि बोरमाळ माधवीकडे गेली. अठ्ठेचाळीस ग्रॅमची मोहनमाळ आणि पन्नास ग्रॅमच्या चार बांगड्या सुनंदाने घेतल्या, आणि जिच्यात सोने नावापुरते होते ती मोत्याची नथही घेतली. एका ग्रॅमचा फरक दोघींनी सोडून दिला. चोवीस ग्रॅमचे मंगळसूत्र मोडून येतील ते पैसे दवाखान्याच्या बिलापोटी माधवीला द्यावेत, हे सुनंदानेच सुचवले. ते पैसे जवळपास तेवढेच आले. पाटल्या धाकटीला जाण्याला तिची हरकत उरली नव्हती, फक्त आदित्यच्या लग्नात त्या एक दिवस आपल्याला घालायला मिळाव्यात, एवढे तिने वदवून घेतले.

घराचे प्रकरण त्यामानाने लवकर संपले. दोघींचीही नावे राहणार असल्यामुळे हक्कसोड पत्राची गरजच उरली नाही. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर दोघींची वारस म्हणून नोंद करण्याचा अर्ज दिला गेला. वकीलबाईंनी दोघींमध्ये एक करार लिहून दिला. माधवीने घरात राहायचे, घरपट्टी, पाणीपट्टी आणि डागडुजी तिने पाहायची, भाडे मात्र मागायचे नाही. दोघींच्या संमतीशिवाय घर विकायचे नाही आणि कोणा एकीला आपला हिस्सा विकायचा झालाच तर आधी बहिणीला विचारायचे. वरची खोली सुनंदासाठी मोकळी ठेवायची. या शेवटच्या कलमावर वकीलबाई म्हणाल्या की हे कागदात घालण्यासारखे नाही, तोंडी असले तरी चालेल. पण दोघींनीही ते लिहूनच हवे असल्याचे सांगितले. श्रीकांतने करार वाचून, विक्रीचा विषय निदान पाच वर्षांनी पुन्हा काढावा, असे म्हणून पाहिले. सुनंदाने ते ऐकले आणि सही केली.

सराफांच्या तबकात आता आठ ग्रॅमच्या कुड्या तेवढ्या राहिल्या होत्या. मामांनी त्याचेही चार-चार ग्रॅम करायला कॅल्क्युलेटर काढला, तेव्हा माधवीने तो त्यांच्या हातून घेतला आणि ताईकडे पाहिले.

"मामींना कबूल केलेल्या पाटल्या तर गेल्या," सुनंदा म्हणाली.

कुड्या हातात आल्यावर मामींनी आधी त्यांचे मळसूत्र नीट बसते का ते पाहिले, मग पदराने पुसून त्या पर्समध्ये टाकल्या आणि म्हणाल्या, "पाटल्यांचं मी सोडलेलं नाही हं. यांच्या पंच्याहत्तरीला मागेन."