आजीची लोहाची गोळी

आजी: पालेभाजी खाते की रोज. मग गोळी कशाला?

नात: तुझं हिमोग्लोबिन 8.6 आहे गं, 12 तरी हवं. भाजीतलं लोह अंगी फार थोडं लागतं. आटलेला साठा नुसत्या जेवणाने भरणार नाही.

आजी: गोळीने शौचाला काळी होते.

नात: ते लोहामुळेच. पण डांबरासारखी चिकट झाली तर लगेच सांग.

आजी: आणि माझा चहा?

नात: गोळी आणि जेवणाच्या आसपास नको, लोह शोषलं जात नाही. जेवताना लिंबू पिळ, कडधान्यं वाढव.

आजी: दम लागायचा थांबला की गोळ्या बंद?

नात: नाही! हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण 3 महिने. आणि या वयात आतून कुठे रक्त जातंय का, ते तपासायलाच हवं. मी येते सोबत.