उधारीची मुदत ६० ऐवजी ३० दिवस : १ जानेवारी २०२६ पासून

मांजरा सिंचन भांडार, लातूर
१ डिसेंबर २०२५

आमच्या सर्व नेहमीच्या विक्रेत्यांस,

सप्रेम नमस्कार.

१ जानेवारी २०२६ पासून निघणाऱ्या प्रत्येक बिलाची रक्कम बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत जमा व्हावी, ही विनंती. आजवर ही मुदत ६० दिवसांची होती. ३१ डिसेंबरपर्यंतच्या बिलांना जुनीच मुदत राहील. म्हणजे त्या दिवशीचे बिल १ मार्चपर्यंत चालेल, तर १ जानेवारीचे बिल ३१ जानेवारीला द्यावे लागेल.

हे का करावे लागले ते मोकळेपणाने सांगतो. आपण नेता ते पाईप आणि फिटिंग बहुतेक नोंदणीकृत लहान कारखान्यांतून येतात. त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटलेली बाकी मार्चअखेर राहिली, तर १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे ती खरेदी त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही आणि तेवढ्या रकमेवर कर बसतो. शिवाय बिल फाडले की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आम्ही भरतो, मग पैसे हाती आलेले असोत वा नसोत. मधल्या दिवसांचा खर्च बँकेच्या कॅश क्रेडिटच्या व्याजाच्या रूपाने आमच्यावर पडतो. भाव वाढवून तो भरून काढता आला असता, पण मग वेळेवर पैसे देणाऱ्यालाही भुर्दंड पडला असता. ते आम्हाला पटले नाही.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत अनेकांच्या गिऱ्हाइकांचे सोयाबीन पाण्यात गेले, औसा-निलंग्याकडची वसुली अजून अडकलेली आहे, याची आम्हाला जाणीव आहे. अशा दुकानदारांनी २० डिसेंबरपूर्वी समक्ष येऊन किंवा फोनवर बोलून घ्यावे. जुनी बाकी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन हप्त्यांत घेण्याची आमची तयारी आहे आणि त्यावर व्याज लावणार नाही. मात्र न बोलता बाकी लांबवू नये. उन्हाळी हंगामात, फेब्रुवारीपासून, पाईपला मागणी एकदम वाढते. तेव्हा ज्यांचे बिल मुदतीपुढे गेले असेल, त्यांचा नवा माल जुनी बाकी येईपर्यंत थांबवावा लागेल. हे आत्ताच सांगितलेले बरे.

बिलाच्या तारखेपासून १० दिवसांत पूर्ण रक्कम देणाऱ्यांना १ टक्का सूट मिळेल. ती पुढच्या बिलात वळती करू. चेक दिल्यास तो वटल्याची तारीख धरली जाईल. आरटीजीएस, एनईएफटी किंवा यूपीआयने भरल्यास बिल क्रमांक जरूर टाकावा, म्हणजे रक्कम भलत्या खात्यावर चढत नाही. भाव, गाडीभाडे आणि परत मालाचे नियम होते तेच राहतील.

आपले ३० नोव्हेंबरपर्यंतचे खातेउतारे सोबत जोडले आहेत. तफावत दिसल्यास १५ डिसेंबरपर्यंत कळवावे. १ जानेवारीला नवे खाते जुळलेल्या हिशेबावरच उघडायचे आहे.

आपला,
व्यवस्थापक, विक्री व वसुली
मांजरा सिंचन भांडार, लातूर