कारणे दाखवा नोटिशीस उत्तर (नमुना डीआरसी-06 सोबतचे सविस्तर निवेदन)

दि. 15 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. राज्यकर उपायुक्त,
वस्तू व सेवा कर विभाग, सांगली

विषय: आर्थिक वर्ष 2021-22 साठी कलम 73 खाली दि. 22 सप्टेंबर 2025 रोजी काढलेली कारणे दाखवा नोटीस (डीआरसी-01): उत्तर, पुरावे आणि वैयक्तिक सुनावणीची मागणी

महोदय,

आमची मालकी फर्म मार्केट यार्ड, सांगली येथे लोखंडी पाईप व फिटिंगचा घाऊक व्यापार करते. वरील नोटीस पोर्टलवर 22 सप्टेंबरला मिळाली. उत्तराची मुदत 22 ऑक्टोबरपर्यंत असून हे उत्तर त्याआधी दाखल होत आहे. नोटिशीत एकूण 3,44,340 रुपये कर, त्यावर व्याज आणि 34,434 रुपये दंड प्रस्तावित आहे. त्यापैकी 12,600 रुपयांचा मुद्दा आम्हाला मान्य असून तो भरला आहे. उरलेले 3,31,740 रुपये अमान्य आहेत. कारणे मुद्देनिहाय देत आहोत.

मुद्दा 1: जीएसटीआर-3बी आणि जीएसटीआर-2ए मधील फरक, रु. 2,05,740

3बी मध्ये घेतलेले क्रेडिट 17,34,300 रुपये आणि 2ए मध्ये दिसणारे 15,28,560 रुपये, हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही, कारण दोन्हींत एकाच प्रकारचे व्यवहार नाहीत. फरकाची फोड अशी:

(अ) रु. 34,200. नोंदणी नसलेल्या मालवाहतूकदारांना दिलेल्या 6,84,000 रुपये भाड्यावर 5 टक्के दराने आम्हीच रिव्हर्स चार्जखाली रोखीने कर भरला आणि 3बी च्या तक्ता 4(अ)(3) मध्ये त्याचे क्रेडिट घेतले. असा वाहतूकदार जीएसटीआर-1 भरतच नाही, त्यामुळे ही रक्कम 2ए मध्ये येऊ शकत नाही. महिनावार तक्ता 3.1(ड), इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर आणि स्वतः काढलेली बिले जोडली आहेत (परिशिष्ट 1).

(आ) रु. 1,65,600. पुरवठादाराची पाच बिले 26 ते 31 मार्च 2021 दरम्यानची आहेत (करपात्र मूल्य 9,20,000 रुपये). माल 1 ते 4 एप्रिल 2021 या दिवसांत गोदामात उतरला. कलम 16(2)(ब) प्रमाणे माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून ते एप्रिल 2021 च्या 3बी मध्ये घेतले. पुरवठादाराने बिले मार्चच्या विवरणात दाखवल्याने ती 2020-21 च्या 2ए मध्ये आहेत. कलम 16(4) ची त्या वर्षाची मुदत 20 ऑक्टोबर 2021 होती. आमचे विवरण 26 मे 2021 चे आहे. दुबार क्रेडिट घेतलेले नाही हे दाखवण्यासाठी मार्च 2021 ची खरेदी नोंदवही, गोदामाची आवक नोंद आणि 2020-21 च्या जीएसटीआर-9 मधील तक्ता 13 जोडला आहे (परिशिष्ट 2).

(इ) रु. 5,940. ऑगस्ट 2021 चे 33,000 रुपयांचे बिल पुरवठादाराने चुकून बी-टू-सी मध्ये दाखवले. त्या महिन्यात 2ए मधील पात्र क्रेडिट 1,32,400 रुपये होते. नियम 36(4) ची तेव्हाची 5 टक्क्यांची मर्यादा त्यावर 6,620 रुपये येते, म्हणजे ही रक्कम मर्यादेत बसते. केंद्रीय मंडळाच्या दि. 17 जुलै 2023 च्या परिपत्रक क्र. 193/05/2023-जीएसटी नुसार पाच लाखांपर्यंतच्या फरकाला पुरवठादाराचे प्रमाणपत्र पुरते. ते जोडले आहे (परिशिष्ट 3).

मुद्दा 2: नोंदणी रद्द झालेल्या पुरवठादाराकडील खरेदी, रु. 1,26,000

खरा वाद इथे आहे. पुरवठादाराची नोंदणी 16 फेब्रुवारी 2023 च्या आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून मागील तारखेने रद्द झाली, म्हणून खरेदीच झाली नाही, असे नोटीस म्हणते. आमची दोन्ही बिले 8 व 19 जुलै 2021 ची आहेत. त्या दिवशी नोंदणी चालू होती, बिले आमच्या 2ए मध्ये आली आणि पुरवठादाराने त्या महिन्याची 3बी भरल्याचे त्याच तक्त्यात दिसते.

कलम 155 प्रमाणे क्रेडिट सिद्ध करण्याची जबाबदारी आमची आहे, हे मान्य. सर्वोच्च न्यायालयाने 13 मार्च 2023 रोजी ईकॉम गिल कॉफी ट्रेडिंग प्रकरणात (कर्नाटक व्हॅट कायद्याखाली) नुसते बिल आणि बँकेतून दिलेले पैसे पुरेसे नाहीत, माल प्रत्यक्ष हलल्याचा पुरावा हवा, असे म्हटले आहे. तो पुरावा असा:

8 जुलैचे बिल: 5,000 किलो, दर 72 रुपये, कर 64,800. ई-वे बिल, बिल्टी आणि वजनकाट्याची पावती या तिन्हींवर गाडीचा क्रमांक एकच. काट्यावर निव्वळ वजन 4,985 किलो भरले. 15 किलोचा फरक काट्याच्या चुकीत धरून डेबिट नोट काढली नाही. 6 ऑगस्टला आरटीजीएसने 4,24,800 रुपये दिले.

19 जुलैचे बिल: 5,000 किलो, दर 68 रुपये, कर 61,200. 24 ऑगस्टला आरटीजीएसने 4,01,200 रुपये दिले. या बिल्टीवरचा गाडी क्रमांक ई-वे बिलाशी जुळत नाही, हे आम्हीच निदर्शनास आणतो. वाटेत गाडी बिघडल्याने माल दुसऱ्या गाडीत भरला आणि ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नवा क्रमांक टाकला. काट्याच्या पावतीवर तोच नवा क्रमांक आहे.

दोन्ही खेपांचे भाडे मुद्दा 1(अ) मधील रिव्हर्स चार्जच्या नोंदींत सापडते. न आलेल्या मालाचे भाडे देऊन त्यावर कोणी कर भरत नाही. हाच माल पुढे सप्टेंबर 2021 अखेर कोणत्या बिलांनी विकला, हे साठा नोंदवहीवरून दाखवले आहे (परिशिष्ट 4). दोन्ही रकमा 180 दिवसांच्या आत चुकत्या केल्या आहेत.

नोटिशीत पुरवठादाराच्या जागेवरील भेटीच्या अहवालाचा आधार घेतला आहे, पण त्याची प्रत मिळालेली नाही. ती सुनावणीपूर्वी द्यावी. न दिल्यास त्यावर आमच्याविरुद्ध विसंबू नये.

मुद्दा 3: मोटारीचा विमा व दुरुस्ती, रु. 12,600

कलम 17(5) खाली हे क्रेडिट मिळत नाही. चूक मान्य. क्रेडिट 20 डिसेंबर 2021 रोजी वापरले गेले, म्हणून त्या दिवसापासून 14 ऑक्टोबर 2025 पर्यंत 1,394 दिवसांचे 18 टक्के दराने 8,662 रुपये व्याज काढून, करासह 21,262 रुपये डीआरसी-03 ने भरले (परिशिष्ट 5). नोटिशीपासून 30 दिवसांच्या आत भरणा झाल्याने कलम 73(8) नुसार या रकमेवर दंड लागत नाही. हा भरणा मुद्दा 1 व 2 ची कबुली समजू नये.

वैयक्तिक सुनावणी

नोटिशीत सुनावणी 13 ऑक्टोबरला ठेवली होती, म्हणजे उत्तराची मुदत संपण्याच्या नऊ दिवस आधी. उत्तर समोर नसताना सुनावणीत काहीच साधले नसते. तसे 9 ऑक्टोबरला पोर्टलवरून लेखी कळवले होते, त्यावर उत्तर आले नाही. कलम 75(4) खाली आम्ही पुन्हा लेखी मागणी करतो की हे उत्तर वाचल्यानंतरची तारीख द्यावी आणि किमान सात दिवस आधी कळवावे. 13 तारखेची गैरहजेरी कलम 75(5) मधील तीन तहकुबींपैकी एक धरू नये. या वर्षाच्या आदेशाची मुदत 31 डिसेंबर 2025 आहे. नोव्हेंबरमधील कोणतीही तारीख आम्हाला चालेल.

आमच्या वतीने कलम 116 खाली सनदी लेखापाल हजर राहतील, अधिकारपत्र जोडले आहे (परिशिष्ट 6). मूळ बिल्ट्या, काट्याच्या पावत्या आणि साठा नोंदवही सोबत आणू. आवक नोंद ठेवणाऱ्या गोदाम कारकुनाला विचारायचे असल्यास तोही येईल. सुनावणीच्या नोंदीची सही केलेली प्रत त्याच दिवशी मिळावी.

विनंती

मुद्दा 1 व 2 ची मागणी, त्यावरील व्याज व दंडासह, रद्द करावी. मुद्दा 3 पुरती कार्यवाही भरणा नोंदवून संपवावी. एखादा पुरावा अमान्य वाटल्यास कलम 75(6) प्रमाणे त्याचे कारण आदेशात नमूद करावे आणि कलम 75(7) प्रमाणे नोटिशीबाहेरची रक्कम वा कारण आणू नये. परिशिष्टांना 1 ते 118 असे सलग पृष्ठांक दिले आहेत. पोर्टलच्या फाइल-मर्यादेमुळे ती वेगवेगळ्या फाइलींत अपलोड केली असून तोच संच आज कार्यालयात देऊन पोच घेत आहोत.

वरील मजकूर आमच्या हिशेबाच्या वह्यांप्रमाणे खरा व बरोबर आहे.

आपला विश्वासू,
मालक, नोटीसधारक फर्म
मार्केट यार्ड, सांगली
(पोर्टलवर ईव्हीसीने प्रमाणित)