पक्कं बिल, इनपुट क्रेडिट अन् आपलं दुकान

राम राम मंडळी. दुकानं लवकर बंद करून आले, बाजाराच्या दिवशी हे सोपं नसते, म्हणून भाषण लांबवत नाही, सरळ मुद्द्यावर येते. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडची किराणा, हार्डवेअर, कापड, कृषी केंद्र, सगळ्या दुकानांची वह्या-बिलं माझ्याकडे येतात अन् मले सारखं एकच दिसते, की लोक जीएसटी भरून राह्यले पण जेवढा भरायचा त्याच्यापेक्षा जास्त भरून राह्यले. चोरी करा असं मी सांगायले आली नाही. तुमचा हक्काचा पैसा सोडू नका, हे सांगायले आली.

आधी हिशोब पाहू, नियम मंग. समजा हार्डवेअरवाल्या भाऊनं नागपूरहून 10,000 चा पाईप आणला, त्याच्यावर 18 टक्के म्हणजे 1,800 जीएसटी, एकूण दिले 11,800. तोच पाईप त्यानं गावात 12,000 ले विकला, वरून 18 टक्के म्हणजे 2,160, गिऱ्हाईकाकडून घेतले 14,160. आता सरकारले किती भरायचे? पुष्कळ लोक म्हणतात 2,160. नाही. 1,800 तुम्ही आधीच नागपूरवाल्याच्या हातून भरून ठेवले, ते वजा करा, भरायचे फक्त 360. हे जे 1,800 वजा झाले नं, त्यालेच इनपुट क्रेडिट म्हणतात.

आता तोच व्यापारी म्हणते, "भाऊ बिल कायले पायजे, 10,800 द्या अन् माल घेऊन जा, हजार रुपये वाचले तुमचे." ऐकायले गोड लागते. पण तुम्ही पुढे पाईप बिलावर विकला तं 2,160 पूर्ण भरा लागते, कारण वजा करायले तुमच्याकडे काहीच नाही. मंग 10,800 अधिक 2,160, खर्च झाला 12,960, हाती उरले 1,200. पक्क्या बिलानं घेतला असता तं 11,800 अधिक 360, खर्च 12,160, हाती उरले 2,000. म्हणजे हजार वाचले म्हणता म्हणता 800 गेले. अन् कोणी म्हणन की मी विकतानाही बिल देत नाही, तं ती करचोरी झाली, अन् तपासणीत माल दुकानात दिसते पण खरेदी वहीत नाही, तेव्हा उत्तर काय देणार?

पण एक गोष्ट इथंच सांगून टाकते नाहीतर घरी जाऊन गोंधळ होईन. हे क्रेडिट रेग्युलर नोंदणीवाल्याले. ज्यानं कंपोझिशन घेतलं, म्हणजे वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत अन् व्यापारी म्हणून 1 टक्का भरते, त्याले क्रेडिट भेटत नाही, त्यानं गिऱ्हाईकाकडून जीएसटी वेगळा घ्यायचाही नाही, त्याच्या कागदाले टॅक्स इन्व्हॉइस नाही तं बिल ऑफ सप्लाय म्हणतात, अन् आपण कंपोझिशनवाले आहो, कर वसूल करत नाही, असं त्याच्यावर लिहा लागते. अन् तुम्ही कंपोझिशनवाल्याकडून माल घेतला तं तुम्हालेही त्याचं क्रेडिट नाही. ज्याचा फक्त मालाचा धंदा आहे अन् वर्षाले 40 लाखाच्या आत आहे, राज्याबाहेर विकत नाही, त्याले बहुतेक वेळा नोंदणीचीच सक्ती नाही. सेवेचा धंदा असन, जसं मोबाईल रिपेअरिंग, तं ती मर्यादा 20 लाख.

आता बिल. माल उतरला की आधी पोती मोजता नं, तसंच बिलही वाचा, अन् ड्रायव्हर उभा आहे तोवरच वाचा. सगळ्यात आधी तुमचा जीएसटी नंबर. 15 अक्षरांचा असते, महाराष्ट्राचा 27 नं सुरू होते, मंग तुमच्या पॅनची 10 अक्षरं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तं तुमचं क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात दिसते नाहीतर कुठंच दिसत नाही, अन् हे लई होते, कारण तिकडे टायपिंग करणारा पोरगा घाईत असते. मंग व्यापाऱ्याचं नाव, पत्ता, त्याचा नंबर, बिल नंबर, तारीख, मालाचं नाव, एचएसएन कोड, नग किंवा वजन, सूट दिली असन तं सूट वजा जाऊन राह्यलेली रक्कम, कराचा दर, कराची रक्कम, सही. नागपूर-अमरावतीहून माल आला तं 18 टक्क्याचे दोन तुकडे दिसतात, 9 केंद्राचे अन् 9 राज्याचे. सुरतहून कापड आलं तं एकच आयजीएसटी दिसते. दोन्हीचं क्रेडिट भेटते, फक्त केंद्राच्या क्रेडिटनं राज्याचा कर भरता येत नाही अन् राज्याच्यानं केंद्राचा नाही, आयजीएसटीचं मात्र दोन्हीकडे चालते. एस्टिमेट, कोटेशन, चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर आलेला वहीचा फोटो, याच्यातल्या कशावरच क्रेडिट नाही, त्याच्यावर कितीही मोठा शिक्का असो.

तुम्ही बिल देता तेव्हाही हेच. नंबर क्रमानं पायजे, मधला गाळायचा नाही, एका वर्षात तोच नंबर दोनदा यायचा नाही. 200 रुपयाच्या आतला गिऱ्हाईक बिल मागत नसन अन् त्याची नोंदणी नसन तं वेगळं बिल नका देऊ, पण दिवसाच्या शेवटी अशा सगळ्या विक्रीचं मिळून एक बिल बनवा. किराणावाल्यांनो, एमआरपीत कर आलेला असते, वरून लावता येत नाही. 5 टक्क्याच्या साबणाची एमआरपी 42 असन तं त्याच्यात 40 माल अन् 2 कर. काही जण 42 चे 5 टक्के काढतात, 2 रुपये 10 पैसे, अन् वर्षभर तेवढे जास्त भरत राहतात. 42 ले 105 नं भागा अन् 5 नं गुणा.

पक्कं बिल हाती आलं म्हणजे क्रेडिट आलं, असं नाही बरं का. इथंच सगळ्यात जास्त पैसा बुडते. व्यापाऱ्यानं ते बिल आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-1 मध्ये, चढवलं पायजे, तेव्हा ते तुमच्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत, म्हणजे जीएसटीआर-2बी मध्ये, दिसते. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याची 2बी पुढच्या महिन्याच्या 14 तारखेले तयार होते, तिमाहीवाल्याले तिमाही संपल्यावर भेटते. त्याच्यात बिल नाही तं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून माझं हात जोडून सांगणं आहे, रिटर्न भरायच्या आधी बिलांची फाईल अन् 2बी समोरासमोर ठेवा, एकेक बिलावर टिक मारा. नसलेलं बिल दिसलं की त्याच दिवशी व्यापाऱ्याले फोन करा, "भाऊ, अमुक नंबरचं बिल चढलं नाही, चढवा." पुढच्या मालाचं पेमेंट तुमच्या हातात असते तोवरच तो ऐकते. माल अजून पोचलाच नसन तंही थांबा, क्रेडिट माल हाती आल्यावरच. अन् आर्थिक वर्ष 2025-26 च्या बिलाचं राह्यलेलं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2026 पर्यंतच घेता येते, वार्षिक रिटर्न त्याच्या आधी भरलं तं तिथपर्यंतच.

कृषी केंद्रवाले भाऊ, आता तुमच्याशी बोलते, कारण हा नियम आपल्या भागाले जास्त लागते. शेतकरी जूनमध्ये फवारणीची औषधं उधार नेते अन् कापूस विकल्यावर देते. मंग तुम्हीही अकोला-यवतमाळच्या डीलरले म्हणता, कापूस निघाला की देतो. डीलर मानते, पण कायदा 180 दिवसच मानते. 10 जूनचं बिल असन तं 7 डिसेंबर. त्याच्या आत पैसे दिले नाही तं घेतलेलं क्रेडिट व्याजासकट वापस करा लागते. 2 लाखाची औषधं, 18 टक्क्यानं 36,000 जीएसटी, एवढं क्रेडिट उलटते. पैसे दिले की ते पुन्हा घेता येते, पण व्याज गेलं ते गेलं. अर्धे दिले असतील तं उरलेल्या अर्ध्याचंच उलटते. म्हणून बिलाच्या वरच्या कोपऱ्यात 180 वा दिवस लाल पेननं लिहून ठेवा, अन् कापसाचा पैसा आला की सगळ्यात जुनं बिल आधी फेडा.

तुमच्याकडे बियाणंही असते, त्याच्यावर कर नाही, खतावर 5, औषधावर 18. बियाण्यावर कर नाही म्हणून दुकानभाडं, रॅक, असल्या सामायिक खर्चाच्या क्रेडिटातला बियाण्याचा वाटा सोडा लागते. तो हिशोब तुमच्या टॅक्सवाल्याकडून करून घ्या, अंदाजानं नका करू.

काय चालत नाही ते पटकन सांगते. घरच्यासाठी घेतलेला फ्रीज, दुकानाच्या नावानं बिल असलं तरी नाही. दुकानात कोल्ड्रिंक ठेवायचा असन तं चालते. फिरायची कार अन् स्कूटर नाही, माल वाहायचा टेम्पो चालते. दुकानाची नवी बिल्डिंग बांधायचं सिमेंट नाही. पावसानं भिजून फेकलेला, उंदरानं खाल्लेला, चोरीले गेलेला, एक्सपायर होऊन नष्ट केलेला, फुकट सॅम्पल म्हणून वाटलेला माल, त्याचं घेतलेलं क्रेडिट वापस.

मागून विचारलं कोणी, सिमेंटचं? हो, 22 सप्टेंबर 2025 ले सिमेंट 28 वरून 18 वर आलं. त्याच्या आधी 28 नं घेतलेला माल नंतर 18 नं विकला तरी जुन्या बिलाचं 28 चं क्रेडिट पूर्ण तुमचं आहे, ते कमी होत नाही.

अन् दुसरा प्रश्न आला, एखादा ठेकेदार म्हणते "माल नको, नुसतं बिल फाडून द्या, दोन टक्के घ्या." नका देऊ. मालाविना बिल फाडलं तं दंड 10,000 किंवा कराची रक्कम, जे जास्त असन ते, अन् नंबर रद्द होऊ शकते तो वेगळा. तुम्ही असं बिल घेतलं तंही फसता. दोन टक्क्यापायी वडिलांच्या नावानं चालत आलेलं दुकान पणाला लावू नका, हे मी मनापासून सांगते.

रिटर्न वेळेवर टाका. विक्री नसली तरी शून्याचं टाका, त्याले उशीर झाला तं दिवसाले 20 रुपये लागतात, विक्री असन तं 50, अन् करावर 18 टक्के व्याज. त्याच्यात तुम्ही बिल चढवलं नाही तं तुमच्या गिऱ्हाईक ठेकेदाराचंही क्रेडिट अडकते अन् तो दुसऱ्या दुकानात जाते.

आता मोबाईल काढा सगळ्यांनी. gst.gov.in उघडा, लॉगिन लागत नाही, "Search Taxpayer" मध्ये जा अन् ज्याच्याकडून सगळ्यात जास्त माल घेता त्याचा जीएसटी नंबर टाका. Active दिसते का Cancelled ते पाहा, अन् खाली रिटर्न कधी कधी भरले तेही दाखवते. ज्याले Cancelled दिसलं किंवा रिटर्न मागं पडलेलं दिसलं त्यानं पुढे येऊन बसा, अन् ज्यांनी बिलाच्या फायली आणल्या त्यांनीही, दिग्रसवाल्यांपासून सुरुवात करू, त्यांची बस लवकर आहे.